दाराच्या कुलपाचं सिलिंडर दोनदा चुकीचं दिलं म्हणणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

★ "हँडलचा फोटो पाठवला होता, कंपनीचं नाव स्पष्ट दिसत होतं, तरी दोनदा चुकीचं सिलिंडर दिलं. मे महिन्याच्या उन्हात महाल भागात चकरा मारायला लावल्या. त्याआधी मुलाकडच्या चाबीचा फोटो दाखवून डुप्लिकेट मागितली, तीही करून दिली नाही. कुलूपवाल्यालाच कुलूप ओळखता येत नसेल तर दुकान कशाला उघडता?"

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. घराचं मुख्य दार नीट बंद होत नसताना बाहेर पडावं लागणं काय असतं, हे आमच्या काउंटरवर आम्ही रोज बघतो.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. रिव्ह्यूसोबत तुम्ही नव्या सिलिंडरचा, म्हणजे कुलपात चाबी जिथे फिरते त्या भागाचा, जो फोटो टाकला आहे, तो आत्ताच काढून टाका. त्यात चाबीबरोबर आलेलं कार्डही दिसतंय आणि त्यावरचा नंबर वाचता येतोय. ते कार्ड म्हणजे तुमच्या चाबीचा कोड आहे, त्यावरून डुप्लिकेट मागवता येते. ते घरात कागदपत्रांसोबत ठेवायचं असतं. तुमचा भाग, बिल्डिंग यातलं काही मी इथे लिहीत नाही, तेही याच कारणाने.

आता "ओळखता येत नाही" या वाक्याबद्दल. ते मला लागलं. दुकान वडिलांचं आहे, आयुष्य कुलपांत गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा फोटो आला तेव्हा कंपनी ओळखली होती, प्रकारही ओळखला होता. दाराच्या आत बसणाऱ्या मॉर्टिस कुलपाचं लांब प्लेटचं हँडल, खाली युरो सिलिंडर, म्हणजे वर गोल आणि खाली सरळ देठ अशा आकाराचं भोक. चाबीची फट सरळ दिसत होती, म्हणून गड्ड्यांची, म्हणजे अंगावर बारीक खड्डे असलेली चाबी, जिला बाजारात कॉम्प्युटर चाबी म्हणतात. हे सगळं व्हॉट्सॲपवर तुम्हाला लिहूनही पाठवलं होतं. फोटोत जेवढं होतं तेवढं ओळखलं. सिलिंडरची लांबी फोटोत नव्हती, कारण ती दाराच्या आत असते. समोरून बघितलं की ६० मिमीचं सिलिंडर आणि ८० मिमीचं सिलिंडर अगदी सारखं दिसतं, कंपनीच्या माणसालाही सांगता येणार नाही.

लोकांचा असा समज होतो त्याचं कारण मला माहीत आहे. पॅडलॉकचं काम फोटोवर बऱ्याचदा होऊन जातं. गोदरेजच्या नवतालचा फोटो आला तर कंपनी आणि किती लिव्हरचं आहे हे अंगावरच लिहिलेलं असतं, शेजारी स्केल ठेवला की रुंदीही कळते, तेवढ्यावर तसंच दुसरं देता येतं. दाराच्या कुलपाचं तसं नाही. आणि हँडलच्या प्लेटवरचं नाव हे हँडलचं नाव असतं. आतलं सिलिंडर दुसऱ्या कंपनीचं असू शकतं, सुताराने बसवताना बदललेलं असू शकतं. सिलिंडर बदलायचंच असेल तर कंपनीने फारसं अडत नाही, युरो सिलिंडरचा आडवा छेद ठरलेला असतो, एका कंपनीचं दुसऱ्याच्या कुलपात बसतं. अडतं ते लांबीवर.

म्हणूनच मी त्या दिवशी लिहिलं होतं की जुनं सिलिंडर काढून आणा, नाहीतर दाराच्या कडेला स्केल लावून फोटो पाठवा. तुमचं उत्तर आलं, "काका, नेहमीचंच आहे, अर्जंट आहे, देऊन द्या." आमच्याकडे नेहमीचं म्हणजे ६० मिमी, सिलिंडर धरून ठेवणाऱ्या मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे ३०-३०, एका बाजूला चाबी, एका बाजूला हाताने फिरवायचा नॉब. साध्या ३८ मिमीच्या दाराला ते बरोबर बसतं: स्क्रूच्या मध्यापासून दाराचा पृष्ठभाग १९ मिमी, त्यावर प्लेट साधारण ९ मिमी, झाले २८, आणि सिलिंडर २ मिमी बाहेर. तेच दिलं.

तुमचं दार साधं नव्हतं. घराचं काम करताना बाहेरच्या बाजूने सुताराने ९ मिमीचा प्लाय आणि वर सनमायका लावला होता, म्हणजे बाहेरून १० मिमी वाढले. आतली बाजू तशीच राहिली. त्यामुळे आत स्क्रूपासून प्लेटपर्यंत २८ आणि बाहेर ३८. ३० मिमीची बाजू बाहेर आली तेव्हा ती ८ मिमी आत बुडाली. चाबीचं डोकं प्लेटला अडलं, चाबी पूर्ण आत गेली नाही, म्हणून फिरली नाही. तुम्ही म्हणालात "डिफेक्टिव्ह पीस". पीसमध्ये काही नव्हतं.

मग तुमचा फोन आला की सुताराने मोजलं, ७० चं लागतं, ड्रायव्हरला पाठवतो. सुताराचा आकडा बरोबर होता. पण ७० दोन प्रकारे होतं. शेल्फवर असतं ते ३५-३५. ते बसवल्यावर बाहेर ३ मिमी आत राहिलं, चाबी कशीबशी फिरली, आणि आतल्या बाजूला नॉब प्लेटच्या ७ मिमी पुढे येऊन लटपटायला लागला. तुम्हाला हवं होतं ३०-४०. एकूण दोन्ही सत्तरच. युरो सिलिंडरचं माप एकूण लांबीत सांगून चालत नाही, मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजू वेगळ्या सांगाव्या लागतात. आणि नॉबवालं असेल तर लांब बाजू चाबीची की नॉबची, हेही सांगावं लागतं. दोन्हीकडे चाबी असेल तर उलटं फिरवून बसवता येतं, नॉब असेल तर नॉब दाराबाहेर येईल.

३०-४० नॉबवालं आम्ही ठेवत नाही, फार कोणी मागत नाही. ते मागवून दुसऱ्या दिवशी दिलं आणि आधीची दोन्ही परत घेतली. पाकिटं फाटलेली होती, एकावर स्क्रूने खोल ओरखडा पडला होता, तरी पैसे पूर्ण वळते केले. याचा रिव्ह्यूमध्ये एका शब्दानेही उल्लेख नाही, त्याचं वाईट वाटलं.

कोणी म्हणेल, थोडं बाहेर राहिलं तर काय बिघडतं? बिघडतं. सिलिंडर जिथे मधला स्क्रू असतो तिथेच सगळ्यात कमजोर असतं. बाहेरच्या बाजूने ते प्लेटच्या पुढे जास्त आलं तर पक्कडीने धरून तिथूनच मोडता येतं. म्हणून प्लेटला लागून, फार तर २-३ मिमी बाहेर, एवढंच हवं. "चालवून घ्या" असं मी म्हणालो असतो तर तुमची एक चकर वाचली असती, पण ते मी करत नाही.

हे माप घरी काढायला जुनं सिलिंडर बाहेर काढायचीही गरज नसते. दार उघडं ठेवायचं. दाराच्या कडेला कुलपाची धातूची पट्टी दिसते, तिच्यात चाबीच्या भोकाच्या पातळीला एक स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एक माप आणि आतल्या प्लेटपर्यंत दुसरं. सिलिंडरच्या बाजू साधारण ५-५ मिमीने वाढत जातात, त्यामुळे २८ आलं तर ३०, ३८ आलं तर ४०. स्केल कडेला टेकवून, मोबाईल सरळ समोर धरून फोटो काढला की आम्हाला तेवढा पुरतो. तिरका फोटो असला किंवा स्केल हातात धरून पुढे आणला तर आकडा खोटा येतो. स्केल नसेल तर १० रुपयांचं नाणं कडेला टेकवून धरा, ते २७ मिमीचं असतं, त्यावरून अंदाज काढता येतो. आणि पूर्ण मॉर्टिस कुलूपच बदलायचं असेल तर हँडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या गोलाच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजा. कुठे ६५ असतं, कुठे ८५, आणि ते चुकलं तर जुनी प्लेट बसत नाही.

सिलिंडर काढता आलं तर उत्तमच. तो स्क्रू पूर्ण काढायचा, चाबी घालून किंचित फिरवायची, म्हणजे मधला दात देठाच्या रेषेत येतो आणि सिलिंडर सरकून बाहेर येतं. जोर लावावा लागत असेल तर दात अजून आडवा आहे, चाबी थोडी इकडे-तिकडे करून बघायची. हातोडी घ्यायची नाही.

चाबीच्या फोटोवरून डुप्लिकेट केली नाही, हे खरं आहे आणि पुढेही करणार नाही. तुमच्या मुलावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नव्हता. गड्ड्यांच्या चाबीत फरक असतो तो गड्ड्यांच्या खोलीचा, मिलिमीटरच्या काही भागांचा, तो फोटोत दिसत नाही. अंदाजाने केलेली चाबी आत जाईल, फिरणार नाही, किंवा आत अडकेल. साध्या दातेरी चाबीचे दात मात्र फोटोत वाचता येतात, आणि म्हणूनच फोटोवर ती करणं अजून धोक्याचं. टेबलावर ठेवलेल्या चाबीचा फोटो कोणीही काढू शकतं. चाबी हातात आणा किंवा कुलूप काढून आणा, आणि ओळखपत्र दाखवा, हा नियम वडिलांच्या वेळेपासून आहे. ओळखीच्या माणसालाही तोच आहे. त्याच वेळी तुम्हाला सांगितलं होतं की मुलाने पुण्याहून चाबी कुरिअर केली तर समोर उभं राहून करून देतो. एक चाबी बाहेर कुठेतरी पडलेली असताना सिलिंडर बदलणं जास्त शहाणपणाचं, हेही मीच सुचवलं होतं आणि तुम्हाला ते पटलं होतं.

यापुढे व्हॉट्सॲपवर फोटो आला की कडेचा, स्केलसहचा फोटो आल्याशिवाय सिलिंडर द्यायचं नाही, असं दुकानातल्या मुलांना सांगितलं आहे. ग्राहक कितीही घाईत असला तरी. वेगळ्या मापाची थोडी सिलिंडरं ठेवायचाही विचार आहे, जमेल तसं करू.

तो कार्डाचा फोटो काढून टाकायला अडचण आली तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, कसा काढून टाकायचा ते फोनवर सांगतो. रिव्ह्यू ठेवायचा तर ठेवा, फोटो तेवढा काढून टाका.