सकाळचा समोसा, संध्याकाळची पुडी

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज असा आहे:

"सकाळी आणलेले समोसे, कचोरी, भजी संध्याकाळी बिनधास्त खा. १) उकळत्या तेलातून निघालेल्या वस्तूत जंतू उरतच नाहीत. २) कागदाच्या पिशवीत हवा खेळते, त्यामुळे माल खराब होत नाही. ३) शेगावची कचोरी दिवसभर टिकते, मग समोसा का नाही? ४) वास आला नाही म्हणजे चांगला. ५) तरी शंका असेल तर गरम करून घ्या. उगाच अन्न फेकू नका."

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. हा मेसेज मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला आणि प्रत्येक ठिकाणी त्याखाली अंगठे उमटलेले होते. यातला पहिला मुद्दा सगळ्यात पटण्यासारखा आहे, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिते.

समोसा कढईत सोडला की फसफसून बुडबुडे येतात. ते आतल्या पाण्याच्या वाफेचे असतात. तेल १६० ते १८० अंशांवर असलं तरी सारणात पाणी आहे तोवर सारणाचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. वरची पारी तेलाएवढी तापते, कोरडी होते, खुसखुशीत होते. आतला आलू मात्र वाफवल्यासारखा शिजतो. साधे, जिवंत जंतू त्या उष्णतेत मरतात, इथवर मेसेज बरोबर आहे. पण आलू मातीतून येतो. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तीही मातीतलीच. धणे, जिरं, मिरपूड उघड्यावर वाळवलेली असते. या सगळ्यांसोबत बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात. बीजाणू म्हणजे टणक कवचात झोपलेला जिवाणू. तो १०० अंशांना दाद देत नाही. उलट त्या तापाने त्याची झोप मोडते, आणि सारण कोमट झालं की तो कवचातून बाहेर पडून वाढू लागतो. त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू तळताना मेलेले असतात, समोर शिजलेला, मऊ, ओला आलू असतो. ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर हे काम चालू राहतं.

किती वेगाने, ते हिशेब करून बघू. समजा, तळल्यावर एक ग्रॅम सारणात फक्त १० बीजाणू उरले. समोसे आठ वाजता घेतले. थंड व्हायला आणि जिवाणूंना जागं व्हायला मिळून अडीच तास धरू, म्हणजे साडेदहा. त्यानंतर ३०-३२ अंशांत दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात असं धरू. हा वेग फार वाढवून सांगितलेला नाही, अनुकूल परिस्थितीत ते याहूनही लवकर दुप्पट होतात. साडेदहा ते साडेपाच या सात तासांत १४ दुपटी होतात. १० चे एक लाख साठ हजारांच्या वर जातात. एका ग्रॅममध्ये लाखाच्या पुढे गेलेला बॅसिलस सेरियस माणसाला आजारी पाडू शकतो. आणि एका समोशात सारण पन्नास-साठ ग्रॅम असतं.

हे कागदावरचं गणित आहे असं कुणाला वाटू नये म्हणून आमच्या शेजारची गोष्ट सांगते. मे महिना होता. संध्याकाळी नातवाचा वाढदिवस, म्हणून आजोबांनी सकाळी आठलाच वीस समोसे आणि दहा कोरड्या कचोऱ्या आणल्या. संध्याकाळी दुकानात गर्दी होते, हे त्यांचं म्हणणं. समोसे गरम असतानाच कागदाच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड दुमडलेलं. ती पिशवी दिवसभर ओट्यावर. बाहेर ४५ अंश, पण घरात कूलर चालू, त्यामुळे स्वयंपाकघरात साधारण ३२. माणसाला बरं वाटावं असं हे तापमान जिवाणूलाही नेमकं मानवतं. सहा वाजता सगळ्यांनी खाल्लं. साडेआठपासून उलट्या सुरू झाल्या, रात्री दहापर्यंत सहा जणांना. ज्या दोघींनी फक्त कचोरी खाल्ली होती, त्यांना काहीच झालं नाही. उरलेल्या समोशांची तपासणी झाली नाही, त्यामुळे अमुकच जिवाणू होता असं मी म्हणणार नाही. पण खाल्ल्यावर एक ते सहा तासांत नुसत्या उलट्या सुरू होणं, ही पोटात जाण्याआधीच अन्नात तयार झालेल्या विषाची खूण असते. जंतू पोटात गेल्यावर वाढून त्रास देतात तेव्हा जास्त वेळ लागतो आणि बहुधा जुलाब होतात.

आता कागदाची पिशवी. ती प्लास्टिकपेक्षा बरी, पण फक्त पारीसाठी. वाफ थोडी निघून जाते, पारी लवकर लिबलिबीत होत नाही. सारण पारीच्या आत बंद असतं, त्याला पिशवीतल्या हवेचा काही उपयोग नाही. शिवाय गरम समोसे एकावर एक रचून तोंड दुमडलं की मधले समोसे बराच वेळ कोमट राहतात, म्हणजे जिवाणूला हवं तेच आपण करून देतो. दुपारी पिशवी उघडून पारी दाबून बघा. ती मऊ, चिवट लागली तर सारणातलं पाणी पारीत उतरलेलं असतं. तेवढ्यावरून समोसा बिघडला असं होत नाही, पण तो किती वेळ तसाच पडून आहे हे पारी सांगते.

पिशवी रद्दीच्या वर्तमानपत्राची असेल तर आणखी एक भर पडते. छपाईची शाई तेलात विरघळते आणि तेल तर पारीतून कागदात झिरपतच असतं. तर्री-पोहे खाताना दोन मिनिटं हातात धरलेला कागद वेगळा आणि दहा तास तेलात भिजलेला कागद वेगळा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचना एफएसएसएआयने २०१६ मध्ये दिली होती आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला सरळ मनाईच आहे. पिशवीवर अक्षरं दिसली की घरी पोचताक्षणी पदार्थ ताटलीत काढावा.

शेगावचा मुद्दा मला आवडला, कारण त्यात खरं निरीक्षण आहे. रेल्वेतून चार-पाच तास प्रवास करून आलेली कचोरी आपण सगळ्यांनीच नागपुरात खाल्ली आहे. पण तिच्या आत आलू नसतो. डाळ-बेसनाचं, मसाला घालून तेलावर चांगलं परतलेलं, कोरडं सारण असतं. जिवाणूला वाढायला मोकळं पाणी लागतं. आलूच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, परतलेल्या डाळीच्या सारणात त्या मानाने फारच थोडं. म्हणूनच आजोबांच्या घरी एकाच ओट्यावर, एकाच उन्हाळ्यात कचोरीने त्रास दिला नाही. कचोरी फोडून सारण बोटांनी चुरून बघा. भुरभुरीत सुटलं तर दिवसभर चालेल. गोळा होत असेल तर तिला समोशासारखंच वागवावं. कांदा-कचोरी आणि आलू-कचोरी नावाने कचोरी असल्या तरी याच दुसऱ्या गटात येतात. आलुबोंडाही याच गटातला. भज्यांत कांद्याची, मिरचीची, पालकाची भजी आतून ओलसर राहतात, त्यांनाही दिवसभराची मुभा नाही. आणि सोबत मिळणारी हिरवी चटणी तर शिजवलेलीच नसते, ती गरम पिशवीत शेजारी ठेवून संध्याकाळी उघडणं सगळ्यात वाईट.

वासाबद्दल थोडक्यात. आंबट वास, तार सुटलेला आलू, चिकट झालेलं सारण दिसलं तर अन्न विटलं आहे हे नक्की. उलटं मात्र खरं नाही. आंबवणारे जंतू वेगळे, विष करणारे वेगळे. त्या सहा जणांपैकी कुणालाही वास आला नव्हता, चवही बदललेली वाटली नव्हती. मसाला आणि तळणीचा वास असलेल्या पदार्थात तर बारीकसा बदल कळणंही अवघड.

राहिलं गरम करणं. याच मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त विसंबतात, आणि त्या दिवशी आजोबांनीही समोसे मायक्रोवेव्हमध्ये कडक गरम करूनच वाढले होते. गरम केल्याने जिवाणू मरतो, त्याने आधीच करून ठेवलेलं विष मरत नाही. बॅसिलस सेरियसचं उलटी करवणारं विष १२१ अंशांत दीड तास ठेवलं तरी टिकतं. हे तापमान प्रेशर कुकरमध्ये जेमतेम गाठलं जातं. घरातला तवा, मायक्रोवेव्ह, पुन्हा तळणी, यातलं काहीच सारणाच्या आत तिथवर पोचत नाही. म्हणजे गरम करण्याचा उपयोग आहे, पण मधला वेळ पदार्थ थंडीत ठेवला असेल तरच.

सकाळीच आणणं भाग असेल तर असं करा. घरी येताच समोसे पिशवीतून काढून ताटात एकेक वेगळे मांडा, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा, आणि लगेच स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. बाहेरचा एकूण वेळ दोन तासांच्या वर नको, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नको. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत एक तासच धरावा. डिसेंबरात वेग कमी होतो, पण दहा तास तेव्हाही फार झाले. संध्याकाळी कढईत किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर, मधलं सारण वाफाळेपर्यंत गरम करा. पारी पहिल्यासारखी होणार नाही, खायला मात्र चालेल.

अन्न वाया जाऊ नये हे मलाही मनापासून वाटतं. माझ्या माहितीतल्या बहुतेक दुकानांत समोशाचा दुसरा घाणा चारच्या सुमारास निघतो. सकाळी दुकानात गेलात तर तेवढं विचारून घ्या, वीस समोसे सांगून ठेवा, आणि साडेपाचला घरातल्या कुणालातरी आणायला पाठवा.