पहाटे दोनचं बिल कुठल्या तारखेचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

> भाऊ, तुमचा लेख वाचून आम्ही मेडिकल स्टोअरच्या बिलिंगमधल्या सगळ्या वेळा यूटीसीत टाकल्या. आता १ एप्रिलला पहाटे दोनला केलेलं बिल ३१ मार्चच्या रिपोर्टात दिसते. सीएनं फोनवर झापलं. दुकान नागपुरात, अख्ख्या भारतात घड्याळ एकच, मग हा उपद्व्याप कशाले? सरळ आपली वेळ टाकली असती तर काय बिघडलं असतं?

भाऊ, बिलाची वेळ बरोबरच साठवली गेली आहे. गडबड रिपोर्टात आहे. क्वेरी तुम्ही दाखवली नाही, पण ती साधारण अशी असणार:

```sql
SELECT created_at::date, SUM(amount)
FROM bills GROUP BY 1;
```

आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे पहाटे दोन म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ, आणि तुमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असल्यामुळे `::date` नं तिथलीच तारीख कापून घेतली. ‘सगळ्या वेळा यूटीसीत साठवा, दाखवताना बदला’ असं मी त्या लेखात लिहिलं होतं, ते वाचून लोक फक्त स्क्रीनवरच्या आकड्यांचा विचार करतात. पण दिवस कुठे सुरू होतो हे ठरवणं हासुद्धा दाखवण्याचाच भाग आहे. आधी वेळ नागपूरची करा, मग तारीख कापा:

```sql
(created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

मात्र कॉलम `timestamptz` प्रकारचा आहे ना, ते पाहून घ्या. तो साधा `timestamp` असला, तर पोस्टग्रेस त्यातल्या आकड्याला कोलकात्याची वेळ समजतं आणि उलट्या दिशेनं बदल करतं. मग साडेपाच तास मिळवायच्या जागी वजा होतात.

चूक नेमकी कुठे आहे, हे कोणती बिलं सरकतात यावरून कळतं. फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाचची बिलं मागच्या दिवशी जात असतील, तर बदल झालाच नाही. संध्याकाळी साडेसहानंतरची बिलं पुढच्या दिवशी उडी मारत असतील, तर तो दोनदा झाला. दिवसाच चालणाऱ्या दुकानात पहिली चूक वर्षभर दबून राहते. तुमचं दुकान रात्रभर उघडं, त्यात वर्षअखेर, म्हणून ती सापडली.

आता ‘सरळ आपली वेळ’ टाकण्याबद्दल. घड्याळ एकच असलं तरी लिहिणारे हात एक नसतात. वर्धमाननगरातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम माझ्याकडे होतं. गाडी निघाली की गेटवरचा पीसी नोंद करायचा, अमरावतीला पोचली की ड्रायव्हरच्या ॲपमधून सर्व्हरवर नोंद व्हायची. गाडी रात्री ९:१० ला निघाली, १२:२० ला पोचली. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, त्यानं संध्याकाळचे ६:५० लिहिले. म्हणजे गाडी निघायच्या दोन तास वीस मिनिटं आधीच अमरावतीत हजर! सरसकट साडेपाच तास मिळवावे तर तेही जमेना, कारण काही पोच-नोंदी तिथल्या मॅनेजरनं आपल्या पीसीवरून केल्या होत्या. दोन्ही आकडे एकाच साध्या कॉलममध्ये, आणि कोणता कुठला हे ओळखायला काहीच खूण नाही. महिनाभर चलनं समोर ठेवून नोंदी जुळवल्या, राजेहो. उद्या तुम्ही ऑनलाइन ऑर्डर सुरू केल्या, की काउंटरचा पीसी आणि सर्व्हर हेच दोन हात तुमच्याकडेही येतील.

एका बाबतीत मात्र तुमचा राग माझ्यावर निघाला तरी चालेल. ‘सगळ्या वेळा’ म्हणताना मी एक अपवाद सांगायला विसरलो. पेशंटची जन्मतारीख किंवा औषधाची एक्स्पायरी हा क्षण नसतोच. ती नुसती कॅलेंडरवरची तारीख असते, तिला यूटीसीत नेऊ नका, `date` प्रकारच्या कॉलममध्ये ठेवा. आपल्याकडच्या ब्राउझरमध्ये हे करून पाहा (जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणून ३ म्हणजे एप्रिल):

```js
new Date(2025, 3, 1).toISOString()
// "2025-03-31T18:30:00.000Z"
```

यातली पहिली दहा अक्षरं कापून साठवली, की एक दिवस कायमचा गेला.

तेव्हा आता बिलांच्या ओळींवर साडेपाच तास मिळवणारं `UPDATE` चालवू नका. त्या बरोबर आहेत. क्वेरी बदलून ३१ मार्च आणि १ एप्रिलचे रिपोर्ट परत काढा आणि सीएंना पाठवा. मग पेशंटचं टेबल उघडा. जन्मतारखेच्या कॉलममध्ये ओळीमागून ओळ `18:30:00` दिसलं, तर निदान त्या तारखा एक दिवस पुढे नेऊन परत मिळतील. वेळ कापून नुसती तारीख उरली असेल, तर पेशंटांना विचारूनच दुरुस्त कराव्या लागतील.