एकशे अठरा टक्के फॉलोअर

गेल्या एप्रिलात मी भडंगापायी सहा हजार रुपये घालवले आणि त्यातला एक दाणाही माझ्या तोंडात गेला नाही.

सांगलीत विश्रामबागेत माझा आठवी ते दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास आहे. पूर्वी पेपरात पँफ्लेटं टाकली आणि चार रिक्षांच्या पाठीवर फ्लेक्स चिकटवले की माझी वर्षाची जाहिरात संपायची. भाच्यानं हे ऐकलं आणि तो कळवळला. "मामा, पँफ्लेटात आता लोक भजीसुद्धा बांधत नाहीत. इन्फ्लुएन्सर घ्या. मोठा नको, मायक्रो घ्या." मायक्रो म्हणजे सूक्ष्म, हे मी गेली एकोणीस वर्षं मुलांना शिकवतोय. पण या धंद्यात सूक्ष्म म्हणजे दहा हजारांपासून लाखापर्यंत फॉलोअर असलेला माणूस. माझ्या क्लासात ऐंशी मुलं. त्या हिशेबानं मी विषाणूसुद्धा नाही.

भाच्यानं आणलेला मुलगा खाण्याच्या गाड्यांवर रील करायचा. फॉलोअर एक्केचाळीस हजार. क्लासच्या पायरीवर उभा राहून त्यानं भडंगाची मूठ तोंडात टाकली, "भावांनो, गणित कच्चं असलं तर इथं पक्कं होतंय" असं म्हणाला आणि सहा हजार घेऊन गेला. रील ब्याण्णव हजार वेळा पाहिली गेली. फोन आले चौदा. त्यांतल्या नऊ जणांना भडंग कुठल्या दुकानातलं ते हवं होतं, चौघं पुण्याहून बोलत होते आणि बेळगावच्या एका गृहस्थांनी पार्सल मिळेल का विचारलं. प्रवेश शून्य.

यात त्या पोराची लबाडी काही नव्हती. त्याचे फॉलोअर हाडामांसाचे होते, आणि भुकेले होते. घोटाळा माझा होता. माझ्या क्लासचं गिऱ्हाईक म्हणजे स्कूटीवरून दहा मिनिटांत पोराला सोडून परत जाऊ शकेल अशी, आठवी-नववीतल्या मुलाची आई. बाकी अख्खा महाराष्ट्र मला फॉलो करू लागला तरी माझ्या बाकावर कुणी बसणार नाही.

म्हणून यंदा ठरवलं, आधी परीक्षा आणि मग पैसे.

पहिले उमेदवार प्रेरणेवर बोलणारे एक सर. कोट, गॉगल, हातात माइक, मागे सूर्यास्त. अडतीस हजार फॉलोअर, रीलला आठ हजार, वर स्टोरी मोफत. "माझं एंगेजमेंट साडेसहा टक्के आहे सर," ते म्हणाले. म्हणजे शंभर फॉलोअरमागे सरासरी साडेसहा जण पोस्टला काहीतरी प्रतिसाद देतात. 'सरासरी' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खडूकडे जातो.

मी त्यांच्या शेवटच्या बारा पोस्टचे लाइक वहीत उतरवले. बेरीज भागिले बारा केली, सुमारे चोवीसशे सत्तर आले. अडतीस हजारांवर ते खरंच साडेसहा टक्के. माणूस खोटं बोलत नव्हता. मग तेच आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला काढला. दहावीला आपण मध्यक शिकवतो आणि पोरं विचारतात, सर, याचा आयुष्यात उपयोग काय? मध्यक आला दोनशे चाळीस. म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. बारांपैकी अकरा पोस्ट दोनशे-अडीचशेत लोळत होत्या आणि एकीला सत्तावीस हजार लाइक होते. ती उघडली. पावसाळ्यात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती चढलं, ते दाखवणारी रील! सांगलीत त्या दिवसांत पुलाखालची फूटपट्टी कुणीही दाखवली तरी लोक बघतात. त्यात प्रेरणेचा काही वाटा नव्हता, जे काही केलं ते नदीनं केलं.

मग कॉमेंट वाचल्या. लाइकपेक्षा कॉमेंट बोलक्या. सरांनी आजोबा गेल्याची पोस्ट टाकली होती, हार घातलेला फोटो, खाली चार ओळी. त्यावर कॉमेंट होत्या "किलर लुक ब्रो", "कीप इट अप" आणि तीन ठिकाणी नुसत्या ज्वाळा. आजोबांना अग्नी दिल्यावर ज्वाळा टाकण्याइतकं निर्दय गाव आमचं नाही. त्याच बारा-पंधरा जणांच्या कॉमेंट प्रत्येक पोस्टखाली होत्या, पोस्ट पडल्यापासून पाच मिनिटांच्या आत. भाच्यानं उलगडा केला. हे इन्फ्लुएन्सर आपसांत ग्रुप करतात, मी तुझ्याकडे लिहितो, तू माझ्याकडे लिही. आमच्याकडे लग्नात आहेराच्या पाकिटांचं जे चालतं तेच, फक्त इथं जेवण नसतं.

फॉलोअर विकत घेतलेले आहेत का, हे पाहण्याची एक चाळणी मला कुणीतरी सांगितली होती. यादी उघडायची, बरंच खाली जायचं (वरच्या बाजूला आपल्याच ओळखीचे आणून बसवलेले असतात) आणि दर दहावं खातं असं करत शंभर खाती तपासायची. फोटो नाही, पोस्ट शून्य, नावापुढे आकड्यांची शेपटी किंवा स्वतः मात्र हजारो लोकांना फॉलो करतोय, यांतलं काहीही दिसलं की फुली. मी रात्री दीडपर्यंत बसून फुल्या मारल्या. नव्व्याण्णवांत चव्वेचाळीस निघाल्या. खूश होऊन झोपायला जाणार इतक्यात पंचेचाळिसावी फुली मारली ती आमच्या मिरजेच्या मावशीवर. फोटो नाही, पोस्ट शून्य, नावापुढे जन्मसाल. मावशी दिवसातले तीन तास इन्स्टाग्रामवर असते, हे तिच्या सुनेकडून मला पक्कं माहीत आहे. ती फक्त बघते. आपल्याकडच्या निम्म्या काकू-मावश्या अशाच असतात, आणि माझं गिऱ्हाईक नेमकं त्यांच्यातच! मग चाळणी थोडी बदलली. फोटो आणि पोस्ट सोडून दिल्या. खातं किती जणांना फॉलो करतंय आणि ते कोण आहेत, तेवढंच पाहिलं. मावशी एकशे साठ जणांना फॉलो करत होती, सगळे नातेवाईक, कीर्तनकार आणि पाककृती. फुली कायम राहिलेली खाती सहा-सात हजार जणांना, आणि ते जगाच्या पाठीवरचे कुणीही. मावशी सुटली, तिच्यासारखी आणखी तेरा खातीही सुटली. फुल्या एकतीसवर आल्या.

एकतीसचा आकडा घेऊन मी सरांना काही बोललो नाही. फक्त म्हणालो, "मला पालक हवेत. पस्तीस ते चव्वेचाळीस वयाचे. तुमच्या इनसाइट्स पाठवता का?" इनसाइट्स म्हणजे खात्याचा आतला हिशेब: फॉलोअर कुठल्या शहरातले, किती वयाचे. तो खातेदारालाच दिसतो, बाहेरच्याला नाही. दहा मिनिटांत स्क्रीनशॉट आला. तेरा ते सतरा एकोणीस टक्के, अठरा ते चोवीस अडतीस, पंचवीस ते चौतीस एकोणतीस, पस्तीस ते चव्वेचाळीस सत्तावीस, त्यावरचे सगळे मिळून पाच. समोरच्यानं आकडे दिले की मी बेरीज करतो, हा माझा रोग आहे. बेरीज एकशे अठरा आली. मूळचा नऊ पुसून माझ्या आवडीचा सत्तावीस लिहिताना बाकीच्यांतून अठरा वजा करायला सर विसरले होते. हातचा विसरणारी पोरं मी रोज बघतो, पण एवढा आत्मविश्वास त्यांच्यात नसतो. तेव्हापासून मी स्क्रीनशॉट घेत नाही. प्रोफाइलपासून इनसाइट्सपर्यंत बोट फिरवत केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मागतो. सरांकडे मागितलं तेव्हा त्यांचा फोन दुरुस्तीला गेला. तो निरोपही त्यांनी त्याच फोनवरून दिला.

दुसरं नाव बायकोनं सुचवलं. "त्या डबेवाल्या ताईंना विचार की." या ताई रोज सकाळी मुलांच्या डब्याला काय द्यायचं ते दाखवतात. फॉलोअर दोन हजार नऊशे. भाचा म्हणाला, "मामा, हे मायक्रोसुद्धा नाही, नॅनो आहे." मी कॉमेंट उघडल्या. "ताई, माझी धिरडी तव्याला चिकटतात, काय करू?" "हे परवा केलं, पोरानं डबा तसाच परत आणला." "शंभर फुटी रोडवर ताजं पनीर कुठं मिळतं?" या तिसऱ्या प्रश्नाखाली अकरा बायका दोन दुकानांवरून भांडत होत्या. भांडण विकत मिळत नाही. मध्यक काढला, एकशे सत्तर. जवळजवळ सहा टक्के, आणि सरासरीही तिथंच घुटमळत होती. रेकॉर्डिंग मागताच दोन मिनिटांत आलं, मागे कुकरच्या शिट्टीसकट. सांगली आणि मिरज मिळून एकाहत्तर टक्के, पस्तीस ते चव्वेचाळीस वयाचे अठ्ठेचाळीस.

मी लगेच पैशांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पैशांचं नंतर बघू सर. आधी क्लास बघते."

मंगळवारी संध्याकाळी आल्या. तास चालू असताना मागच्या बाकावर बसल्या, पंखा लावून पाहिला, मुलींचं स्वच्छतागृह पाहिलं, आठवीतल्या एका पोराला "सर मारतात का रे?" असं माझ्यादेखत विचारलं. मग गुणवंतांच्या भिंतीपाशी थांबल्या. मधोमध माझा सत्त्याण्णव टक्केवाला.

"हा मुलगा पलीकडच्या चौकातल्या क्लासच्या फ्लेक्सवरही आहे ना?"

"असेल."

"आणि स्टेशन रोडच्या?"

"हुशार मुलं काय, सगळीकडे जातात."

"तुमच्याकडे किती दिवस होता?"

शेवटचे पंधरा दिवस, सराव पेपर सोडवायला. हे मी जरा खालच्या आवाजात सांगितलं.

ताई म्हणाल्या, "सर, कोचिंगच्या जाहिरातींचे नियम २०२४ च्या नोव्हेंबरातच आलेत. फोटो लावायचा तर मुलाची लेखी संमती लागते, आणि त्यानं तुमच्याकडे नेमका कुठला कोर्स केला ते लिहावं लागतं. 'हमखास निकाल'सुद्धा मी म्हणणार नाही. आणि पैसे घेतलेत हे रीलवर लिहिणार." प्रेरणावाले सर म्हणाले होते, जाहिरात असं लिहिलं की रीच पडतो. ताईंना म्हटलं तर म्हणाल्या, "पडू दे. माझ्या बायका मला रोज भाजी मंडईत भेटतात."

अडतीस हजारांच्या यादीत मी बनावट शोधत बसलो होतो आणि या बाईंनी चार मिनिटांत माझ्या भिंतीवर फुली मारली.

पंचवीसशेवर ठरलं. ती भिंत टाळून रील झाली: फळा, बाक, मी अपूर्णांक समजावताना, आणि फीचा आकडा स्पष्ट. फोन करणाऱ्यानं 'डबा' म्हणायचं, म्हणजे कुठून आला ते कळेल. रील चार हजार शंभर वेळा पाहिली गेली. 'डबा' म्हणणारे फोन अकरा आले, डेमोला सात पोरं बसली, प्रवेश चार झाले. एका आईनं डेमोनंतर खरंच डबा उघडून धिरडं दिलं, तेही धरलं तर पाच.

एकच गडबड झाली. रीलच्या शेवटी कॅमेरा वळताना ती भिंत सेकंदभर दिसून गेली. दुसऱ्या दिवशी खाली एक कॉमेंट होती आणि तिला इतर सगळ्या कॉमेंटपेक्षा जास्त लाइक होते. "मधल्या फोटोतला आमचाच मुलगा. पंधरा दिवस होता. पंखा चांगला आहे."

मी खातं उघडलं. फोटो नाही. पोस्ट शून्य. नावापुढे चार आकडे. फॉलो करत होतं एकशे बारा जणांना, आणि त्यांतले तीन सांगलीतले क्लास होते. अस्सल होतं.