शिफ्ट रद्द करायच्या आधी बदली तास शोधा

"उद्याची दुपारची शिफ्ट कॅन्सल. तास नंतर अ‍ॅडजस्ट करू." रात्री उशिरा दुकानाच्या ग्रुपवर असा मेसेज पडतो, खाली चार अंगठे येतात आणि मॅनेजरला वाटतं काम झालं. मी दुकानात वेळापत्रक लावायचं काम करतो, त्यामुळे हे ठामपणे सांगतो: ज्या मेसेजमध्ये बदली तासांचा दिवस आणि वेळ नाही, तो पाठवूच नये. तासावर पगार घेणाऱ्या माणसाला "नंतर" या शब्दाचा काही उपयोग नसतो. त्याचा हिशेबाचा आठवडा ठरलेल्या दिवशी बंद होतो, आणि तोवर तास भरले नाहीत तर त्या पगारात तेवढे पैसे कमी येतात.

एक उदाहरण घेऊ. बुधवारी मालाची गाडी यायची होती. माल उतरवून रॅकवर लावायला चार जणांना 2 ते 9 ची शिफ्ट दिली होती. सात तासांतली अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी, म्हणजे प्रत्येकाचे साडेसहा तास. मंगळवारी संध्याकाळी निरोप येतो की गाडी गुरुवारी येणार. इथे मॅनेजरने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: काम गेलं कुठे? या बाबतीत ते फक्त एक दिवस पुढे सरकलं आहे, म्हणजे बदली तास गुरुवारी आपोआप उभे आहेत. गिऱ्हाईकच नाही म्हणून शिफ्ट रद्द केली असती, तर काम संपलेलंच असतं. मग ते तास कुणाच्या रजेच्या जागी किंवा स्टॉक मोजणीत शोधावे लागतात, आणि ते सापडल्याशिवाय "भरून देऊ" म्हणू नये.

आता चौघांपैकी दोघं गुरुवारी सकाळी 9 ते 2 आधीच कामावर आहेत. त्यांना वर पुन्हा 2 ते 9 दिली तर दिवस बारा तासांचा होतो. कागदावर तास भरले, पण माणूस दमला. त्यांचे तास तोडूनच द्यायला हवेत. मी असा मेसेज लिहीन:

"उद्या बुधवारची 2 ते 9 शिफ्ट रद्द आहे, मालाची गाडी गुरुवारी येतेय. शिफ्ट दुकानाने रद्द केली आहे, कुणाची गैरहजेरी लागणार नाही. प्रत्येकाचे साडेसहा तास याच आठवड्याच्या हिशेबात देतोय. गुरुवारी सकाळी ज्यांची शिफ्ट नाही त्यांना गुरुवारी 2 ते 9. ज्यांची आहे त्यांना गुरुवारी 2 ते 5 आणि शनिवारी 10 ते दीड. जमतंय की नाही ते उद्या दुपारी 12 पर्यंत मला वेगळं कळवा. नाही जमलं तर कारण सांगायची गरज नाही, दुसरी वेळ शोधू. आत्ता चौघांनाही फोन करतोय."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. निळी टिक म्हणजे होकार नव्हे. लांबून येणारा, दुसरी नोकरी सांभाळणारा, मुलाला कुणाकडे तरी सोडून येणारा माणूस ग्रुप बघेलच असं नाही. फोन लागला नाही तर पुन्हा लावायचा. आणि तरीही कुणी दारात येऊन उभा राहिला, तर त्याला तसंच परत पाठवणं मला पटत नाही. त्याला काहीतरी काम देऊन तेवढे तास लावावेत.

खासगीत उत्तर मागण्याचंही कारण आहे. ग्रुपवर पहिल्याने "येतो सर" लिहिलं की बाकीच्यांना नाही म्हणणं जड जातं, विशेषतः नवीन पोरांना. हे तास दुकान त्यांना देणं लागतं. "परवा सुट्टी मिळाली ना, मग रविवारी या" अशी भाषा मी ऐकली आहे आणि मला तिचा राग येतो. ऐनवेळी रद्द झालेली शिफ्ट म्हणजे सुट्टी नव्हे. त्या माणसाने तो दिवस आपल्यासाठी राखून ठेवला होता.

याच आठवड्यात भरायचा आग्रह का? पुढच्या आठवड्यात ढकलले की पूर्णवेळ माणसाचे नेहमीचे तास अधिक हे साडेसहा, मिळून ओव्हरटाइमची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मग वरून मंजुरी मिळत नाही आणि तास हवेत राहतात. याच आठवड्यात खरंच जमत नसेल, तर या पगारात किती तास कमी दिसतील आणि पुढच्या कोणत्या दिवशी मिळतील, हे त्या माणसाला आधी सांगायचं.

शेवटी वेळापत्रक. रद्द झालेली शिफ्ट त्यातून पुसून टाकू नका. ती तशीच ठेवून "दुकानाकडून रद्द" लिहा, शेजारी बाकी तास लिहा आणि भरले जातील तसे वजा करत जा. पुसली की पगाराच्या दिवशी ती शिफ्ट कधी होती हेच सिद्ध करता येत नाही, आणि वाद झाला तर हरतो तो कर्मचारीच.