कूलर उघडा आणि मी लाल

कूलरवाले आप्पा परवा आमच्या ऑफिसातून मोटर खिशात घालून गेले, ते अजून परत आलेले नाहीत. जळगावात मे महिन्यात हे वाक्य म्हणजे पोलीस तक्रार व्हायला पाहिजे. पण माझं दुःख निराळं आहे. जाताना ते माझी अब्रूही घेऊन गेले.

आमची कंपनी छोटी. गिरण्या, कोल्ड स्टोअरेज वगैरेंचे कंट्रोल पॅनेल बनवते. पॅनेल जोडणारे पाचजण आहेत, पण पॅनेलच्या पोटात पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम भरणारा एकच. अशा माणसाला सगळीकडे बोलावणं असतं आणि त्याला जेवायला वेळ नसतो. या आठवड्यात त्याच्यावर तीन प्रोजेक्टचा हक्क होता : एमआयडीसीतली डाळमिल, सावद्याचं केळी पिकवण्याचं चेंबर आणि शिरपूरकडची जिनिंग. तिघांचे मॅनेजर आम्ही डाळ, केळी आणि कापूस याच नावांनी ओळखतो.

तिघांच्या तीन शीट होत्या. डाळीच्या शीटवर आमच्या माणसाचा पन्नास टक्के वेळ, केळीच्या चाळीस, कापसाच्या तीस. आपापल्या शीटवर तो तिघांनाही हिरवागार दिसायचा, कारण दुसऱ्याची शीट कोण उघडतंय? मग मी शहाणपणा केला. सगळ्यांना दिसेल असं एकच शीट बनवलं : त्याच्या नावाखाली तीन ओळी, तळाशी बेरीज. शनिवार जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्येच जातो, म्हणून आठवड्याचे पाच दिवस म्हणजे शंभर टक्के धरले. बेरीज आली एकशेवीस. चौकट लाल झाली आणि मी फार मोठा शोध लावल्यासारखी मीटिंग बोलावली.

नेमकी त्याच वेळी आप्पांची स्वारी आली. ते अमळनेरकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. स्टूल ओढलं, कूलरचं मागचं दार काढलं, वाळ्याची जाळी बाजूला ठेवली आणि टीव्हीवरचं माझं शीट पाहत उभे राहिले.

इकडे घासाघीस सुरू. हिवाळ्यात बामणोदच्या भरिताच्या वांग्यांना चालते तशी. डाळ म्हणाली चाळीस करतो. केळी पस्तिसावर आली. कापूस पंचवीसवर, तेही उपकार केल्यासारखा. बेरीज शंभर! चौकट हिरवी झाली. शेठ म्हणाले, ‘‘चला, जमलं.’’ टाळी वाजवायचीच बाकी होती. प्रोग्रामवाला स्वतः कोपऱ्यात मोबाईलवर होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

‘‘भाऊ, हाई काय शे?’’ स्टुलावरून आवाज आला.

मी म्हटलं, ‘‘आप्पा, आमचं कामाचं नियोजन.’’

‘‘हाऊ एकच माणूस शे का तीन शेतस?’’

‘‘एकच.’’

‘‘मंग बुधवारले हाऊ कथा जाई?’’

कोणी काही बोलेना. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आत आमची मान. टक्केवारीच्या शीटमध्ये बुधवार नव्हताच! आठवड्याची सरासरी काढली की बुधवार गुळासारखा विरघळून जातो. तारखा विचारल्या तेव्हा कळलं की डाळीला माणूस बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस हवा, आणि केळीलाही बुधवार-गुरुवारच. हिरव्या चौकटीच्या आत दोघं एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते.

आप्पांनी खिशातून डायरी काढली. रबराने बांधलेली, पाण्याने फुगलेली. ‘‘दखा,’’ म्हणाले आणि स्टुलावरूनच ती माझ्या तोंडासमोर धरली. प्रत्येक पानाचे दोन भाग : दुपारच्या आधीचा, नंतरचा. टक्का कुठेच नाही. काही नावं पेनने, काही पेन्सिलने. ज्याने आगाऊ पैसे दिले तो पेनने, ज्याने नुसता फोन केला तो पेन्सिलने. एका पानावर पेनची दोन नावं एकाच अर्ध्या दिवसात आली तर ते दुसऱ्याला लगेच फोन करतात. पेन्सिलवाल्याला करत नाहीत. शेठ खुर्चीतून उठून डायरी पाहायला आले. माझं शीट बघायला ते गेल्या दोन वर्षांत एकदाही उठलेले नाहीत. ‘‘याला म्हणतात नियोजन,’’ म्हणाले. माझ्याकडे बघून.

मनातल्या मनात मी आप्पांना पंख्यासकट खिडकीबाहेर टाकलं. मग मुकाट्याने शीटचे टक्के पुसले आणि अर्धे-अर्धे दिवस पाडले. पक्कं काम गडद, नुसतं मागितलेलं फिकं. आणि प्रत्येकाला विचारलं की तुमच्या कामात नेमकं काय आहे आणि ते पुढे गेलं तर काय बिघडतं?

केळी हलणार नाही, हे लगेच कळलं. घड बागेतून उतरवलेले, चेंबरमध्ये पहिली भट्टी लागणार. सोळा-अठरा अंशांत इथिलीन सोडायचं, चोवीस तास दारं बंद, मग हवा बदलायची. गॅस आणि झडपांचा क्रम पहिल्यांदा चालतो तेव्हा प्रोग्रामवाला हजर पाहिजेच. केळी शेठजींचं ऐकून थांबत नाहीत. म्हणजे बुधवार-गुरुवार केळीचे, गडद.

डाळमिल बंद ठेवलेली, तिलाही घाई खरी. पण बुधवारचं काम काय, तर पॅनेलची एकेक वायर तपासणं : सेन्सर दाबला की इकडे दिवा लागतो का. ते यादी हातात दिली तर आमचा इलेक्ट्रिशियन पोरगा करतो. अडीच दिवसांतला एक दिवस आमच्या माणसाचा नव्हताच, फक्त त्याच्या नावावर चढवलेला! उरले दीड. अर्धा मंगळवारी ऑफिसात टेबलावर, आणि शुक्रवार पूर्ण मिलमध्ये, माल घालून.

राहिला कापूस. सगळ्यात मोठ्याने ओरडणारा हाच. मी विचारलं, ‘‘जिनिंग चालू कधी होणार?’’ तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘दिवाळीच्या आसपास, कापूस आला की.’’ मे महिना चालू आहे, साहेब! त्याला सोमवार दिला, उरलेला अर्धा दिवस जूनमध्ये ढकलला. त्याच्या दीड दिवसाला काही होणार नव्हतं, फक्त त्याच्या आवाजाला झालं.

असे साडेचार दिवस भरले आणि मंगळवारची दुपार पांढरी राहिली. मी ती मुद्दाम ठेवली, कारण सावद्याहून एखादा फोन येणारच. पण पांढरी चौकट दिसली की लोकांना ओसाड प्लॉट दिसल्यासारखं होतं. पाच मिनिटांत कापूस परत आला, ‘‘मंगळवारी मोकळा दिसतोय की!’’ त्याला कसंबसं परतवलं. मग शेठनीच त्या दुपारी आपल्या साडूच्या तेलघाणीचं बंद पडलेलं पॅनेल टाकलं. फिक्क्यात नाही, थेट गडद. त्यावर कोणाचं काय चालणार? शीटवर शेठची वेगळी ओळ नाही, हीच त्या शीटची खरी अडचण आहे. ती ओळ घालायची हिंमत माझ्यात नाही.

इतक्यात आप्पा स्टुलावरून उतरले. कूलर उघडा, पंपाची मोटर त्यांच्या हातात. ‘‘वाइंडिंग जळेल शे. सांजले येस,’’ म्हणाले आणि गाडीला किक मारली. ती सांज परवाची.

काल दुपारी फोन केला. मागे दोन कूलरची घरघर ऐकू येत होती. विचारलं, ‘‘आप्पा, आमचं नाव डायरीत कशाने लिहिलंय?’’

‘‘पेन्सिलघाई,’’ ते म्हणाले.

तेव्हाच दोनशे रुपये पाठवले. आता शनिवारची दुपार पेनने मिळाली आहे. मी हे टॉवेल गळ्यात घालून लिहितोय, आणि कापूस दारात उभा राहून विचारतोय की शनिवारी आपला माणूस काय करतो.