लाळ-खुरकुताचा व्हायरस दुभंगत नाही

«लाळ-खुरकूत असो नाहीतर घटसर्प, शेवटी जंतूच. व्हायरस म्हणजे बॅक्टेरियाचंच बारकं रूप. दोन्ही एकाचे दोन, दोनाचे चार असेच वाढतात. जनावर लाळ गाळायला लागलं की लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन मारा, वाढ जागेवर थांबते. गेल्या साली आमच्या तीन गाई यावरच बऱ्या झाल्या.»

हा मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवर आला. दोन पलूसकडचे, एक तासगावचा, एक आमच्या भावकीचाच. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि घरी अजून गोठा आहे, म्हणून उत्तर देतोय. मेसेजमधली एक ओळ खरी आहे. तिच्याकडं शेवटी येतो.

आधी ते «बारकं रूप». घटसर्पाचा पाश्चुरेला हा बॅक्टेरिया म्हणजे एक पूर्ण पेशी. भिंत त्याची, डीएनए त्याचा, प्रथिनं बांधणारे रायबोसोम त्याचे, अन्नातून ताकद काढायची सोयही त्याचीच. लाळ-खुरकुताच्या व्हायरसकडं यातलं काही नाही. प्रथिनांचं एक कवच आणि आत साधारण साडेआठ हजार अक्षरांचा आरएनएचा एक धागा, संपला कारभार. 1898 साली जर्मनीत लफलर आणि फ्रॉश यांनी आजारी जनावराच्या फोडातलं पाणी बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळून खाली आलेल्या पाण्यानंही रोग झाला. जनावरांना होणारा व्हायरस ओळखला गेला तो पहिल्यांदा याच रोगात.

आता वाढीचं बघू, कारण खरी चूक तिथं आहे.

एकाचे दोन हे बॅक्टेरियाचं वर्णन अगदी बरोबर आहे. त्याच्या गोल डीएनएची नक्कल एका ठरावीक जागेपासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंनी पुढं सरकते. दोन प्रती दोन टोकांना जातात. मधोमध प्रथिनाचं एक कडं तयार होतं, त्या जागी भिंत आत आत वाढत जाते आणि एका पेशीच्या दोन होतात. प्रयोगशाळेत भरपूर खाऊ-पिऊ घातलं तर ई. कोलाय हे वीस मिनिटांत उरकतो. हिशोब करा: सात तासांत एकवीस वेळा दुभंग, म्हणजे एकाचे जवळपास एकवीस लाख. शरीरात वेग इतका राहत नाही, पण चाल तीच. कुठल्याही क्षणी मोजा, आधीपेक्षा जास्तच सापडतील, आणि प्रत्येक जण अख्खा असेल.

व्हायरसची गोष्ट याच्या उलट, आधी शून्यावर येते.

गाईच्या पेशींवर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. पेशीला आजूबाजूच्या जाळीला धरून राहायला ती लागतात. हा व्हायरस नेमका त्यांनाच चिकटतो. त्याला आवडणारा इंटिग्रिनचा प्रकार जिभेच्या आणि खुरांमधल्या कातडीत भरपूर असतो, म्हणून फोड तिथं येतात. चिकटलेला कण पेशी स्वतःच एका पिशवीत ओढून घेते. अशा पिशव्या आत जाताना आंबट होत जातात, आलेला माल पचवायची ती पेशीची नेहमीची रीत. या व्हायरसचं कवच आम्लाला भलतंच कच्चं आहे. ते तिथं फुटतं आणि आरएनए पिशवीतून पेशीच्या मुख्य भागात उतरतो.

म्हणजे आत आलेला व्हायरस आता उरलाच नाही. या वेळी पेशी फोडून शोधलं तर रोग देऊ शकेल असा कण जवळजवळ सापडत नाही. मेसेज खरा असता तर इथं दोन सापडायला हवे होते.

पुढचं काम गाईचे रायबोसोम करतात. या व्हायरसचा आरएनए त्यांना थेट वाचता येतो, त्यामुळं त्यावरून एक लांबलचक प्रथिन बनतं आणि त्याचेच तुकडे होऊन कामाची प्रथिनं सुटी होतात. त्यातलं एक कात्रीसारखं आहे. प्रथिनं बनवायला सांगणाऱ्या गाईच्या स्वतःच्या आरएनए-संदेशांच्या टोकाला टोपी असते आणि तिच्या आधारानं संदेश रायबोसोमवर बसवणारं एक मदतनीस प्रथिन असतं. कात्री तेच कापते. गाईचे संदेश खोळंबतात. व्हायरसच्या धाग्याला मात्र टोपी लागत नाही. त्याच्या सुरुवातीच्या भागाला अशा घड्या पडलेल्या असतात की रायबोसोम तिथं परस्पर येऊन बसतो. दुसरं एक प्रथिन आरएनएच्या प्रतींवर प्रती काढतं. मग सुटे भाग जुळतात. एका कवचात चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाची साठ-साठ नगं. चार-सहा तासांत पेशी फुटते आणि कण लोंढ्यानं बाहेर पडतात.

आलेख काढला तर बॅक्टेरियाची रेघ चढत जाते. व्हायरसची आधी खाली पडते, काही काळ तळाशी राहते आणि एकदम उसळी घेते. ही उसळी 1939 मध्ये एलिस आणि डेल्ब्रुक यांनी मोजून दाखवली, तीही बॅक्टेरियाला होणाऱ्या व्हायरसवर. हो, बॅक्टेरियालाही व्हायरस होतो. बारकं रूप थोरल्या रूपाला खाताना बघायचं असेल तर ते तिथं.

इतकं कळल्यावर इंजेक्शनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. पेनिसिलीन बॅक्टेरियाची भिंत जुळू देत नाही, व्हायरसला भिंतच नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन बॅक्टेरियाचे रायबोसोम अडवतं, पण व्हायरस वापरतो ते गाईचे, वेगळ्या घडणीचे. ते अडवणारं औषध दिलं तर आधी गाय जाईल.

घटसर्पात मात्र अँटिबायोटिकच जीव वाचवतं, आणि तिथं तास मोजावे लागतात. म्हणून नुसत्या लाळेवरून ठरवू नका. गळ्याखाली गरम, दुखरी सूज, श्वासाची घरघर, जोराचा ताप, तेही पावसाळ्यात आणि म्हशीला, तर घटसर्पाचा संशय घ्या आणि त्याच घटकेला डॉक्टर बोलवा. जिभेवर, हिरडीवर फोड, ओठांचा मचमच आवाज, खुरांच्या बेचक्यात जखम आणि लंगडणं, शेजारच्या दोन-चार जनावरांनाही तेच, तर लाळ-खुरकूत. वासरू मात्र फोड न दिसताच दगावू शकतं, कारण त्याच्या हृदयाच्या स्नायूवर घाला पडतो.

आता ती खरी ओळ. तीन गाई बऱ्या झाल्या असतील, मला शंका नाही. मोठं जनावर या रोगातून बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपलं आपण उठतं. आणि फुटलेल्या फोडांत, खुरांत बॅक्टेरिया शिरून जखम चिघळते, तेव्हा डॉक्टरही अँटिबायोटिक देतात. ते जखमेसाठी असतं. बघणाऱ्याला वाटतं, रोग त्यानंच गेला.

व्हायरससाठी गोठ्यात जे चालतं ते वेगळं. सहा महिन्यांनी लस, आणि आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांची बैलं यायच्या आधी ती झालेली बरी. आजारी जनावर बाजूला बांधा. आणि धुण्याचा सोडा: शंभर लिटर पाण्यात चार किलो, त्यानं जमीन, गव्हाण, गमबूट धुवा. पेशीच्या पिशवीत जे कवच आम्लानं फुटतं ते इतक्या खारट-अल्कली पाण्यातही टिकत नाही.

आमच्या भावकीतल्या एकानं मेसेज वाचून तीन दिवस इंजेक्शनं दिली. लाळ गळायची थांबली नाही. चौथ्या दिवशी वहिनी विचारत होत्या, घरच्या दुधाला विरजण का लागेना. दुधात उतरलेल्या औषधानं विरजणातल्या बॅक्टेरियाचं दुभंगणं तेवढं थांबवलं होतं.