एनसी क्लोज करा, पाइपला हात न लावता

चहा नको म्हणणारा इन्स्पेक्टर साइट बघून गेला की दोन दिवसांत मेल येणार, हे धरून चाला. मेलला जोडलेल्या फाइलमध्ये फोटो असतात, फोटोंवर लाल गोल असतात आणि प्रत्येक गोलापुढे एक ‘एनसी’, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स. त्याच्या पुढचे चार रकाने तुमच्यासाठी रिकामे ठेवलेले असतात: मूळ कारण, करायची कारवाई, जबाबदार व्यक्ती आणि टार्गेट डेट. यात घाबरण्यासारखं काही नाही. रकाने भरून पाठवा एवढंच त्या मेलमध्ये म्हटलेलं असतं. पाइपचं काय करायचं, हा तुमचा खाजगी प्रश्न आहे.

उदाहरणादाखल मुंबईतलं एक हॉस्पिटल धरू, आणि तुम्ही त्याच्या एसीचे कॉन्ट्रॅक्टर. बेसमेंटच्या चिलर रूममध्ये एसीसाठी पाणी गार करणारे, 300 टन क्षमतेचे दोन वॉटर-कूल्ड चिलर, गच्चीवर कूलिंग टॉवर, रूमभर 200 मिलिमीटरचे पाइप. काम संपत आलंय, हँडओव्हर तोंडावर आहे, जूनचा पहिला आठवडा आहे आणि रिपोर्टात वीसेक एनसी आहेत.

सगळ्यात आधी सोपे निवडा. व्हॉल्व्हला टॅग नाही, पाइपवर प्रवाहाचे बाण नाहीत, पंपाच्या फाउंडेशनला पिवळा-काळा पट्टा नाही. एक पेंटर आणि एक दिवस, एवढ्यात सोळा एनसी उडतात. संध्याकाळी क्लायंटला कळवा, ‘80 टक्के एनसी क्लोज’. हा आकडा खोटा नाही. उरलेल्या चारांवर हॉस्पिटलचं एसी चालणार की नाही हे ठरतं, पण टक्केवारी काढताना बाणालाही एक गुण आणि चिलरलाही एकच.

आता ते चार घेऊ.

पहिला फ्लो स्विचचा. ही पाइपात लोंबणारी एक पट्टी असते. पाणी वाहतंय तोवर ती ढकललेली राहते, पाणी थांबलं की मागे येते आणि चिलर बंद होतो. स्विचच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी लागते, म्हणजे आपल्या पाइपाला इकडे एक मीटर आणि तिकडे एक मीटर. तुमच्या फिटरने तो पाइपच्या वळणाला, म्हणजे एल्बोला, खेटून बसवला, कारण तिथे उभं राहायला जागा होती. एल्बोतून पाणी घुसळत येतं, पट्टी फडफडते आणि चिलर दर वीस मिनिटांनी ट्रिप होतो. कमिशनिंगच्या दिवशी क्लायंट डोक्यावर उभा, म्हणून वायरमनने वीतभर वायर घेऊन स्विचची दोन टर्मिनलं जोडून टाकली. तेव्हापासून ट्रिप नाही. इन्स्पेक्टरने नेमका त्या वायरचा फोटो काढलाय.

इथे मूळ कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचं दुर्लक्ष’ लिहा. हे कारण कुठल्याही एनसीला चालतं आणि त्या कामगाराला मेलची कॉपी जात नाही. कारवाईत लिहा, ‘वायर काढली, टीमला ट्रेनिंग दिलं’. वायर काढा, फोटो घ्या, परत लावा. कारण स्विच अजून एल्बोलाच चिकटलेला आहे आणि वायर काढली की ट्रिप सुरू होणारच. ही वायर आजारावरचं औषध नव्हे, लक्षणावरचं आहे, असं कुणी म्हणालं तर ‘साहेब, नोट केलंय’ म्हणा.

पुढे काय होऊ शकतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी तुम्ही चकित झाल्यासारखं नीट करू शकाल. लाइन फ्लश केल्यावर पाण्यातला कचरा अडवणारा वाय-स्ट्रेनर उघडून साफ करायचा राहून गेलेला असतो. वेल्डिंगची खपली, कापसाचा बोळा, एखादा हातमोजा त्या जाळीवर बसतो. पाणी कमी होत होत थांबतं. चिलरला ते कळवणारी पट्टी तर वायरने गप्प केलेली. चिलरमधल्या गार करणाऱ्या गॅसचं तापमान शून्याखाली गेलं की जिथे पाणी गार होतं त्या इव्हॅपोरेटरच्या तांब्याच्या नळ्यांत पाणी गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळी चिरते. बर्फ वितळल्यावर तेच पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि तिथून कॉम्प्रेसरपर्यंत पोचतं. मशिनचा स्वतःचा लो-टेंपरेचर कटआउट मध्ये पडून वाचवेल अशी आशा असते. ती बाळगा. मात्र त्याची सेटिंग कुणी बदलून ठेवली आहे का, हे बघू नका.

दुसरा एनसी इन्सुलेशनचा, आणि हा माझा आवडता, कारण यात भिजत घोंगडं शब्दशः खरं आहे. पाइपात 7 अंशांचं पाणी, बाहेर मुंबईचा पावसाळा. हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर असेल, तर 26 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला घाम सुटतो. म्हणून नायट्राइल रबर अखंड हवं, जोडाला सगळीकडे चिकटवलेलं हवं आणि क्लॅम्पखाली तेवढ्याच जाडीचा पफचा, म्हणजे कडक फोमचा, किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचा कडक ठोकळा हवा. ठोकळे मागवायचे राहिले, म्हणून तुम्ही रबरावरच क्लॅम्प आवळला. 200 मिलिमीटरचा पाइप पाण्यासकट मीटरला साठ-सत्तर किलो भरतो. खालचं रबर चपटं होऊन पापडाएवढं उरलं आणि प्रत्येक सपोर्टवरून थेंब पडू लागले.

इथे अॅल्युमिनियमचा पत्रा कामाला येतो. इन्स्पेक्टर यायच्या आत सगळीकडे क्लॅडिंग चढवा. वरून कीर्तन, आतून तमाशा. पत्रा पक्का बसावा म्हणून दर वीतभर अंतरावर स्क्रू मारा, आणि तो रबरात घुसेल एवढा लांब घ्या. प्रत्येक भोकातून बाष्प आत जातं, थंड पाइपावर त्याचं पाणी होतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. ओलं इन्सुलेशन गारवा अडवत नाही, त्यामुळे आणखी घाम, आणखी पाणी, आणि आतला लोखंडी पाइप शांतपणे गंजत राहतो. शांतपणे, हे महत्त्वाचं. गंजाला वर्षं लागतात आणि तुमचा डिफेक्ट लायबिलिटी पीरियड, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, बहुधा 12 महिन्यांचा असतो.

तिसरा एनसी म्हणतो, चिलरच्या टोकाला नळ्या ओढून काढायला जागा नाही. ही जागा मशिनच्या नळीएवढी लांब लागते, तीन-साडेतीन मीटर. ड्रॉइंगवर ती तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि तुटक रेषा म्हणजे ऐच्छिक, असा साइटवर सर्वमान्य समज आहे. तिथे इलेक्ट्रिकलवाल्यांनी पॅनल उभा केला. कूलिंग टॉवरच्या पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात आणि दरवर्षी ब्रश मारावा लागतो. लवचिक दांड्याचा ब्रश असेल तर वाकूनतिकून एक वेळ जमेल. नळी बदलायची झाली तर आधी हॉस्पिटलचा पॅनल हलवा, म्हणजेच आधी हॉस्पिटल बंद करा. उत्तर सोपं: ‘इलेक्ट्रिकल एजन्सीचा विषय, आमच्या स्कोपमध्ये नाही.’ इलेक्ट्रिकलवाले ‘एचव्हीएसीच्या ड्रॉइंगची रिव्हिजन आम्हाला मिळाली नाही’ म्हणतील. दोघंही खरं बोलत असल्यामुळे हा एनसी पाच वर्षं आरामात टिकतो.

चौथा गॅस गळतीचा. चिलरमध्ये आर-134ए आहे. तो पेटत नाही, वासावरून सहज कळत नाही आणि हवेपेक्षा जड असतो. गळला तर बेसमेंटच्या फरशीवर साचतो आणि तिथली हवा, पर्यायाने ऑक्सिजन, बाजूला सारतो. म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावायचा, तो वाजला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू व्हायला हवा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप इमारतीबाहेर न्यायचा. तुमच्या माणसाने डिटेक्टर छताला लावला, स्मोक डिटेक्टरच्या शेजारी, एका ओळीत. दिसायला अगदी छान. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड ऑपरेटरच्या खुर्चीच्या दिशेने उघडं आहे. मूळ कारण लिहा, ‘सौंदर्यदृष्टी’.

उरली टाइमलाइन. चारही एनसीपुढे एकच तारीख घाला, 15 जून, आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात ‘सर्व संबंधित’. टेबल सुबक दिसतं आणि कुणाचंच नाव नसल्याने कुणाचीच झोप उडत नाही.

काही चिकट लोक मात्र वेगळी टाइमलाइन करतात, तीही सांगतो, म्हणजे चुकून तुमच्याकडून होणार नाही. ते पहिल्याच दिवशी वायर काढतात आणि चिलरवर ‘चालवू नये’ असा टॅग लावतात. डिटेक्टर आणि ठोकळ्यांची ऑर्डर त्याच दिवशी टाकतात, कारण सामान यायलाच वेळ लागतो. मग एका चिलरची लाइन बंद करून रिकामी करतात, सरळ पाइपावर स्विचसाठी नवा सॉकेट वेल्ड करतात आणि लाइनच्या कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर टेस्ट घेतात. टेस्ट पास झाल्याशिवाय इन्सुलेशनला हात लावत नाहीत. त्यानंतर फ्लशिंग, स्ट्रेनरची सफाई, ठोकळे, नवं रबर, आणि चिकटवलेलं सुकायला साधारण 36 तास चिलर बंद. हे झाल्यावरच दुसऱ्या चिलरची पाळी. पॅनलसाठी ते क्लायंट, इलेक्ट्रिकल आणि स्वतः अशी एकत्र मीटिंग लावून शटडाउनची तारीख लेखी घेतात. 15 जूनला यांचा एकच एनसी क्लोज झालेला असतो, बाकीच्यांपुढे वेगवेगळ्या तारखा आणि एकेका माणसाचं नाव. क्लायंट अशांवर ओरडतो. वर हे लोक मूळ कारणात ‘फ्लो स्विचची जागा शॉप ड्रॉइंगमध्ये दाखवलीच नव्हती’ असलं स्वतःच्याच ऑफिसला अडचणीत आणणारं वाक्य लिहितात आणि पुढच्या साइटचं ड्रॉइंग दुरुस्त करत बसतात.

तुम्ही त्यापेक्षा फेरतपासणीची तयारी करा. आदल्या रात्री चिलर बंद ठेवा. पाइप खोलीच्या तापमानाला आला की घाम सुटत नाही, आणि सकाळी फरशी पुसून घेतली की रूम आरशासारखी दिसते. इन्स्पेक्टरला पत्रा चढवलेल्या बाजूने फिरवा. व्हॉल्व्हजवळ रबर उघडं आहे, तिथे त्याने बोट दाबलं तर जोडातून पाणी येईल, तेव्हा तिथे आधीच शिडी लावून ठेवा. तरीही त्याने चिलर का बंद आहे म्हणून लॉगशीट मागितली, तर ती ऑपरेटरकडे आहे असं सांगा. आणि ऑपरेटर जेवायला गेलाय.